जनरेटर चालू, तरी दिवे खाली-वर: दोष गव्हर्नरचा की एव्हीआरचा?

लाईट जाते, दहा-पंधरा सेकंदांत जनरेटर सुरू होतो, दिवे लागतात. पण ते स्थिर राहत नाहीत. दर दोन-तीन सेकंदांनी उजेड किंचित कमी होतो आणि पुन्हा वाढतो. बाहेर कान दिला तर इंजिनाचा आवाजही त्याच लयीत चढतो-उतरतो. याला तंत्रज्ञ 'हंटिंग' म्हणतात. यंत्र ठरलेल्या आकड्याकडे जातं, तिथे न थांबता पुढे निघून जातं, मग मागे फिरतं आणि पुन्हा चुकतं.

अशा वेळी सगळ्यात आधी बदलला जातो तो एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो चार स्क्रूंवर बसतो, बाजारात सहज मिळतो आणि अर्ध्या तासात बदलून होतो. अडचण एवढीच, की बऱ्याचदा तो निर्दोष असतो. नवा बोर्ड बसवल्यावरही दिवे तसेच खाली-वर होत राहतात आणि खरा दोष बाजूलाच राहतो.

एका पत्र्याच्या खोलीत दोन यंत्रं

डिझेल जनरेटर म्हणजे एका शाफ्टला जोडलेली दोन यंत्रं. एक इंजिन, दुसरं अल्टरनेटर. दोघांचे रखवालदार वेगळे आहेत.

इंजिनाच्या वेगाची जबाबदारी गव्हर्नरची. वेग कमी झाला की तो डिझेल वाढवतो, वेग वाढला की कमी करतो. भारतात वापरात असलेल्या बहुतेक सेटमधला अल्टरनेटर चार पोलचा असतो आणि तो मिनिटाला १५०० फेऱ्या फिरला की ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी मिळते. हिशोब सरळ आहे: ३० फेऱ्या कमी झाल्या की १ हर्ट्झ कमी. म्हणून पॅनलवरचा फ्रिक्वेन्सी मीटर म्हणजे खरं तर इंजिनाचा वेग दाखवणारा काटाच. एव्हीआरला फ्रिक्वेन्सी थेट बदलता येत नाही. तो डिझेलला हात लावूच शकत नाही.

व्होल्टेजची जबाबदारी एव्हीआरची. अल्टरनेटरच्या आत जे चुंबकीय क्षेत्र फिरतं, ते किती जोरकस ठेवायचं हे तो ठरवतो. बाहेर येणारं व्होल्टेज तो सतत मोजतो, कमी वाटलं तर क्षेत्र वाढवतो, जास्त वाटलं तर घटवतो.

दोघांचं काम एकाच स्वभावाचं आहे: मोजायचं, तुलना करायची, दुरुस्त करायचं. दुरुस्तीची घाई झाली किंवा दुरुस्ती उशिरा पोहोचली, की हंटिंग सुरू होतं. ही डोकेदुखी जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये गव्हर्नरवर जो निबंध लिहिला, त्यात यंत्राचा वेग कधी स्थिरावतो आणि कधी झोके घेत राहतो, याचंच गणित मांडलं होतं. तेव्हा प्रश्न वाफेवरच्या यंत्रांचा होता, आज डिझेलचा आहे.

दोन आकडे एकत्र बघायचे

निदानाची सुरुवात पाना-स्क्रूड्रायव्हरने करायची नसते. पॅनलसमोर उभं राहून फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज हे दोन आकडे एकाच वेळी बघायचे असतात. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढला तर उत्तम, कारण नंतर तो थांबवत थांबवत बघता येतो आणि मेकॅनिकला पाठवताही येतो. आवाजही त्यात येतो, तो महत्त्वाचा.

आता दोन चित्रं डोळ्यांसमोर आणू. पहिल्यात फ्रिक्वेन्सी ४८.५ ते ५१ हर्ट्झ अशी हलते आहे, पण व्होल्टेज २२९ ते २३१ मध्येच आहे. फ्रिक्वेन्सीचा झोका पाच टक्क्यांचा, व्होल्टेजचा एक टक्क्याच्याही आत. वेग एवढा बदलत असूनही एव्हीआर व्होल्टेज धरून बसला आहे, म्हणजे तो आपलं काम चोख करतो आहे. दोष इंजिनाच्या बाजूला.

दुसऱ्यात व्होल्टेज २१५ ते २४५ असं नाचतंय आणि फ्रिक्वेन्सी ४९.८ ते ५०.२. व्होल्टेजचा झोका तेरा टक्क्यांचा, फ्रिक्वेन्सीचा एक टक्क्याच्या आत. इथे दोष एव्हीआरच्या बाजूला. मग फ्रिक्वेन्सी थोडी तरी का हलते? कारण हीटरसारखा लोड व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज खेचतो. २१५ वरून २४५ वर गेलं की त्याची ओढ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. ती इंजिनाला जाणवते आणि इंजिन थोडं दबतं.

म्हणजे दोन्ही आकडे हलत असले तरी गोंधळायचं कारण नाही. टक्क्यांच्या हिशोबात ज्याचा झोका मोठा, त्याच्या रखवालदारावर पहिला संशय. इंजिनाचं हंटिंग बहुधा संथ असतं, कानाला ऐकू येतं, धुराड्यातून त्याच लयीत काळ्या धुराचे झोत येतात. एव्हीआरचं हंटिंग अनेकदा वेगवान असतं, दिवे थरथरतात पण इंजिनाचा आवाज जवळपास एकसारखा राहतो. डिजिटल मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ही थरथर त्यावर कधी कधी दिसतच नाही. जुना काट्याचा व्होल्टमीटर अशा वेळी जास्त उपयोगी पडतो.

हा नियम बहुतेक वेळा चालतो. तो कुठे फसवतो, ते मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण निर्दोष एव्हीआर बळी जातात ते इथेच.

एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज पाडतो तेव्हा

जवळजवळ प्रत्येक एव्हीआरमध्ये एक संरक्षण असतं. फ्रिक्वेन्सी एका उंबरठ्याच्या खाली गेली, की तो व्होल्टेजही त्या प्रमाणात खाली आणतो. ५० हर्ट्झच्या सेटवर हा उंबरठा साधारण ४७.५ च्या आसपास ठेवलेला असतो. अनेक बोर्डांवर त्या वेळी एक छोटा दिवा लागतो.

यामागे दोन कारणं आहेत. कमी वेगात पूर्ण व्होल्टेज द्यायचं तर चुंबकीय क्षेत्र जास्त लागतं आणि गुंडाळी तापते. दुसरं कारण इंजिनाच्या सोयीचं. अचानक मोठा लोड आला आणि इंजिन दबलं, तर व्होल्टेज कमी केल्याने लोडची ओढ कमी होते आणि इंजिनाला वेग पुन्हा पकडायला उसंत मिळते. घाटात चढण आल्यावर बैलाच्या पाठीवरचं ओझं क्षणभर कुणीतरी उचलून धरावं, तसं हे आहे.

आता इंजिनाच्या दोषामुळे फ्रिक्वेन्सी ५१ वरून थेट ४६ पर्यंत कोसळत असेल, तर प्रत्येक झोक्यात ती उंबरठा ओलांडते. ४७.५ ला २३० असलेलं व्होल्टेज ४६ ला सुमारे २२३ होतं. दिवे मंद होतात, पुन्हा उजळतात. बघणाऱ्याला व्होल्टेज हलताना दिसतं आणि बोट एव्हीआरकडे जातं. प्रत्यक्षात तो सांगितलेलं कामच करत असतो.

याची उलट बाजूही आहे. हा उंबरठा कुणी चुकून ४९.५ वर आणून ठेवला आणि सेट लोडखाली नेमका ४९.५ च्या आसपासच चालत असेल, तर एक वेगळाच खेळ सुरू होतो. वेग किंचित उतरतो, एव्हीआर व्होल्टेज पाडतो, लोड हलका होतो, इंजिन उसळतं, व्होल्टेज परत येतं, लोड पुन्हा बसतो. गव्हर्नर निर्दोष, एव्हीआर निर्दोष, फक्त एक स्क्रू चुकीच्या जागी. ओळखण्याची खूण म्हणजे बोर्डावरचा तो छोटा दिवा ठरलेल्या लोडवर सतत लुकलुकत राहतो. स्क्रू योग्य जागी नेला की खेळ थांबतो.

एका रुग्णालयाचं उदाहरण

समजा, तालुक्याच्या गावातलं ५० खाटांचं रुग्णालय. १२५ केव्हीएचा सेट, म्हणजे जास्तीत जास्त १०० किलोवॉट. गव्हर्नर इलेक्ट्रॉनिक: फ्लायव्हीलच्या दात्यांजवळचा सेन्सर वेग मोजतो, छोटा कंट्रोलर निर्णय घेतो आणि बाहेर बसवलेला ॲक्च्युएटर एका रॉडने डिझेल पंपाचा लिव्हर हलवतो.

तक्रार अशी: जनरेटर चालू असतानाही अतिदक्षता कक्षाचा यूपीएस बॅटरीवरच राहतो. मेन लाईट असेल तेव्हा तो नीट चालतो. जनरेटरवर मात्र बॅटरी उतरत जाते आणि तासाभराने अलार्म वाजू लागतो. व्हेंटिलेटर त्या बॅटरीवर असेल तर हा तास फार लहान आहे. यूपीएसच्या नोंदीत 'इनपुट फ्रिक्वेन्सी मर्यादेबाहेर' असं येतं. ही ओळ कुणी वाचली नाही. दिवे खाली-वर होतात म्हणून एव्हीआर बदलला गेला. फरक पडला नाही. दुसरा बदलला, तरीही नाही.

मग कुणीतरी पॅनलसमोर उभं राहिलं. लोड काढून टाकला तर फ्रिक्वेन्सी ५० वर शांत. दिवे-पंखे मिळून २५ किलोवॉट टाकले, अगदी किंचित हालचाल. ऑटोक्लेव्ह आणि एसी चालू करून लोड ५५ किलोवॉटवर नेला आणि झोके सुरू: ४६ ते ५१, दर अडीच सेकंदांनी एक. व्होल्टेज २२३ ते २३०. फ्रिक्वेन्सीचा झोका दहा टक्के, व्होल्टेजचा तीन टक्के, आणि तोही फ्रिक्वेन्सी ४७.५ च्या खाली गेली तेव्हाच. एव्हीआर सुटला.

इंजिनाची बाजू म्हणजे गव्हर्नरच असं मात्र नाही. डिझेल पुरेसं पोहोचत नसेल तरी असेच झोके येतात. फिल्टर तुंबला, फीड पंप अशक्त झाला किंवा सैल क्लिपमधून नळीने हवा धरली, की गव्हर्नर डिझेल मागतो आणि मिळतो फेस. तो आणखी मागतो, तेवढ्यात डिझेल येतं आणि इंजिन उसळतं. हे बहुधा लोडखालीच दिसतं, कारण रिकामं इंजिन थोड्या डिझेलवरही चालतं.

दोन्ही वेगळे करायला एक सोपी चाचणी आहे. ती जाणकार तंत्रज्ञानेच करायची, कारण त्या वेळी लोड अचानक सुटला तर इंजिन बेफाम वेग घेऊ शकतं. लोड ५५ किलोवॉटवर स्थिर ठेवायचा, एकाने इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवायचा आणि दुसऱ्याने पंपाचा लिव्हर हाताने एका जागी धरून ठेवायचा. आता गव्हर्नर खेळाच्या बाहेर आहे. लिव्हर स्थिर असूनही वेग झोके घेत असेल, तर दोष डिझेलच्या वाटेवर किंवा इंजिनातच आहे. झोके थांबून वेग फक्त सावकाश सरकत असेल, तर डिझेल ठीक आहे आणि दोष गव्हर्नरच्या साखळीत आहे.

इथे झोके थांबले. मग रॉड बोटाने हलवून पाहिला, तर दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट ढिलाई. ॲक्च्युएटर हलतो, पण पहिले दोन-तीन मिलिमीटर नुसतेच वाया जातात, लिव्हर जागचा हलत नाही. कंट्रोलरला वाटतं, अजून हवं. मग ढिलाई संपते आणि डिझेल गरजेपेक्षा जास्त उघडतं. परत येतानाही तसंच. झीज सगळीकडे सारखी नसते. सेट वर्षानुवर्षं ज्या लोडवर जास्त चालतो, त्या जागी ती जास्त होते. म्हणून रिकामं असताना सगळं शांत आणि रोजच्या लोडवर झोके.

त्यातच आधी येऊन गेलेल्या कुणीतरी 'प्रतिसाद मंद वाटतो' म्हणून कंट्रोलरवरचा गेनचा स्क्रू वाढवून ठेवला होता. गेन म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं याचं माप. ढिल्या रॉडवर वाढवलेला गेन म्हणजे आगीत तेल. उलट, नुसता गेन कमी केला असता तर झोके मंदावले असते आणि दोष बरा झाल्याचा भास झाला असता. पण मग ऑटोक्लेव्ह चालू होताच फ्रिक्वेन्सी खोल गेली असती आणि उशिरा वर आली असती. यूपीएस पुन्हा बॅटरीवर.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जॉइंट बदलायचे, रॉड कुठे घासत-अडकत नाही ना ते बघायचं, आणि मगच गेनला हात लावायचा. नेहमीच्या लोडवर गेन हळूहळू वाढवायचा, इंजिन झोके घ्यायला लागलं की तिथून थोडा मागे आणायचा. मग स्टॅबिलिटीचा स्क्रूही तसाच. प्रत्येक स्क्रूची आधीची जागा पेनाने खूण करून ठेवली, तर नंतर भांडणं होत नाहीत.

दोष खरोखर एव्हीआरचा असेल तर

फ्रिक्वेन्सी ठाम आणि व्होल्टेज नाचतंय, असं असेल तरी नवा बोर्ड ही पहिली पायरी नाही. जनरेटर थरथरतो आणि थरथरीत वायरींचे जोड सैल होतात. एव्हीआर ज्या तारेतून व्होल्टेज मोजतो, तीच सैल असेल तर त्याला खोटा आकडा कळतो. ती पूर्ण तुटली आणि बोर्डात त्यावर संरक्षण नसेल, तर व्होल्टेज नाही असं समजून तो क्षेत्र वाढवतच जातो. त्यात महागडी उपकरणं जळतात.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे पॅनलच्या दारावरचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा गोल नॉब. त्याच्या आतला घासता मार्ग धूळ आणि दमट हवेने खराब होतो. सेट बंद करून तो नॉब वगळला आणि बोर्डावर उत्पादकाने सांगितलेला जोड दिला, तर दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर बोर्डावरचा स्टॅबिलिटीचा स्क्रू. नवा बोर्ड बसवल्यावर हंटिंग सुरू झालं असेल, तर तो स्क्रू किंवा अल्टरनेटरच्या आकारानुसार लावायची जोडपट्टी चुकीच्या जागी असण्याची शक्यता जास्त.

तरीही खात्री हवी असेल, तर एव्हीआर पूर्ण बाजूला ठेवता येतो. लोड काढून, सेट बंद करून, एक्सायटरच्या दोन तारा बोर्डावरून सोडवतात आणि त्यांना १२ व्होल्टची बॅटरी जोडतात. नेहमीच्या वेगाने सेट चालवला की बऱ्याच अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या जवळ येतं. आता व्होल्टेज शांत असेल, तर नाचवणारा एव्हीआर किंवा त्याच्या तारा. बॅटरीवरही ते तिन्ही फेजमध्ये सारखं नसेल किंवा फार कमी असेल, तर अल्टरनेटरच्या आत बघावं लागतं. ही चाचणी लोडशिवायच करायची, कारण बॅटरी लोडप्रमाणे क्षेत्र वाढवत नाही.

दोघंही निर्दोष असतात तेव्हा

काही वेळा झोके लोडच देतो. यूपीएस जनरेटरची वीज स्वीकारतो, लोड एकदम बसतो, फ्रिक्वेन्सी दबते, यूपीएसला ती पसंत पडत नाही, तो बॅटरीवर जातो. लोड सुटतो, फ्रिक्वेन्सी सावरते, थोडा वेळ खात्री करून यूपीएस पुन्हा येतो. हा झोका लयबद्ध दिसला तरी तो पायऱ्यांचा असतो आणि ॲम्पिअर मीटरवर करंट आधी उडी मारतो. खरं हंटिंग असेल तर यूपीएस बंद ठेवून, तेवढाच लोड हीटरने दिला तरी ते टिकतं. यूपीएस बंद करताच सगळं शांत झालं, तर त्याची फ्रिक्वेन्सीची मर्यादा थोडी रुंद करणं आणि लोड हळूहळू घेण्याची सोय चालू करणं, हा उपाय. दोन्ही गोष्टी बऱ्याच यूपीएसच्या सेटिंगमध्ये असतात. अर्थात यूपीएस बंद करण्याआधी त्यावरचे रुग्ण दुसऱ्या सोयीवर हलवलेले असले पाहिजेत.

पॉवर फॅक्टरसाठी लावलेले कपॅसिटर जनरेटर चालू असताना जोडलेलेच राहिले, तरी हलक्या लोडवर व्होल्टेज वर चढतं आणि एव्हीआरच्या हातात काही उरत नाही. जनरेटर सुरू झाला की ते आपोआप सुटतील, अशी जोडणी पॅनलमध्ये असावी लागते.

नव्या सेटमध्ये गव्हर्नर इंजिनाच्या संगणकातच असतो. तिथे रॉड नाही, फिरवायला स्क्रू नाही. डिझेलचा दाब, वेगाचा सेन्सर आणि दोषाचे कोड लॅपटॉपवर वाचावे लागतात, आणि ते काम बहुधा कंपनीच्या अधिकृत माणसाकडेच असतं. त्याला बोलावताना 'दिवे खाली-वर होतात' एवढंच सांगू नये. किती किलोवॉटवर झोके सुरू होतात, फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत जाते, त्याच वेळी व्होल्टेज किती असतं आणि एका झोक्याला किती सेकंद लागतात, एवढं व्हिडिओसह पाठवलं, तर तो एव्हीआर घेऊन निघायचं की डिझेल फिल्टर, हे निघण्यापूर्वीच ठरवू शकतो.